जुना रेट ८२, नवा ९१: कास्टिंगच्या रिपीट ऑर्डरचं कोटेशन कसं मागवावं

प्रश्न: नमस्कार सर. निपाणीजवळ माझं कडबाकुट्टी यंत्रं बनवायचं लहान वर्कशॉप आहे. फ्लायव्हीलचं कास्टिंग बेळगावात उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीकडून घेतो. मागच्या वेळी किलोला ८२ रुपये रेट होता. आता दसऱ्याच्या आधी ३०० नग हवेत. फोन केला तर मालक म्हणाले, "पिग आयर्न ४१ चं ४७ झालंय, भंगार ३५ चं ३८ झालंय. जुन्या रेटला परवडत नाही ओ, ९१ द्या." एका नगाचं वजन २२ किलो आहे. भाव वाढलाय हे खरं, पण ९ रुपये वाढ बरोबर आहे का आणि त्यांच्याकडून कोटेशन नेमकं कसं मागवायचं, कळत नाही.

उत्तर:

नमस्कार. तुमच्या आकड्यांवरून किलोला साडेचार-पावणेपाच रुपयांची वाढ रास्त दिसते, नऊची नाही. पण हे फोनवर सांगून पटणार नाही. कोटेशनच अशा पद्धतीनं मागवा की वाढ कुठून आली हे त्यांना कागदावर मांडावं लागेल. मी आधी सहा वर्षं भट्टीवर होतो आणि पुढं वीस वर्षं खरेदी खात्यात, त्यामुळं दोन्ही बाजूंचा हिशेब हातानं केलेला आहे. तोच सांगतो.

आधी ९१ कुठून आला ते बघू. फाउंड्रीवाल्यानं खोटं सांगितलंय असं मला वाटत नाही. करड्या बिडाच्या चार्जमध्ये साधारण ४० टक्के घरचाच रिटर्न माल असतो, म्हणजे रनर-रायझर आणि बाद झालेले नग. उरलेल्या साठात २० टक्के पिग आयर्न आणि ४० टक्के भंगार असं प्रमाण धरू. म्हणजे बाहेरून विकत आणलेल्या मालात एक भाग पिग आणि दोन भाग भंगार. जुन्या भावानं ४१ अधिक ३५ अधिक ३५, भागिले तीन, म्हणजे सरासरी ३७ रुपये. नव्या भावानं ४७ अधिक ३८ अधिक ३८, भागिले तीन, म्हणजे ४१ रुपये. विकतच्या धातूचा भाव ३७ वरून ४१ झाला, म्हणजे जवळजवळ ११ टक्के वाढ. आता ८२ वर ११ टक्के लावून बघा, ९१ येतात. घोळ इथं आहे. धातू ११ टक्क्यांनी महागला म्हणून सगळ्या रेटवर ११ टक्के लावले. पण ८२ रुपयांत धातू निम्म्यापेक्षाही कमी आहे. बाकी मोल्डिंग, कोअर, वीज, फेटलिंग, मजुरी, नफा हे सगळं पिग आयर्नच्या भावाबरोबर वाढत नाही.

वाढ टक्क्यांत न मागता रुपयांत मागायची ती यासाठीच. विकतचा धातू किलोला ४ रुपयांनी महागला. एक किलो चांगलं कास्टिंग पडायला विकतचा धातू किती लागतो, एवढा एकच प्रश्न उरतो.

इथं दुसरी गल्लत होते आणि ती मुरलेल्या लोकांकडूनही होते. फाउंड्रीवाला म्हणेल, "आमचं यील्ड ६० टक्के आहे. एक किलो कास्टिंगला १ किलो ६७० ग्रॅम धातू ओतावा लागतो. म्हणून वाढ ४ गुणिले १.६७, म्हणजे ६ रुपये ६८ पैसे." ऐकायला पटतं. पण ओतलेल्या १.६७ किलोतले ६७० ग्रॅम कुठं जातात? रनर-रायझर तोडून पुन्हा भट्टीत टाकतात. तो धातू कुणी पुन्हा विकत आणत नाही. खरंच जातं ते वितळवताना जळालेलं, स्लॅगबरोबर गेलेलं, सांडलेलं आणि ग्राइंडिंगमध्ये धूळ झालेलं. इंडक्शन भट्टीत वितळवताना तीन ते पाच टक्के जातात. १.६७ किलोवर चार टक्के धरले तर ६७ ग्रॅम होतात, त्यात सांडणं आणि घासणं मिळवून ८० ग्रॅम धरा. म्हणजे एक किलो कास्टिंगला विकतचा धातू १ किलो ८० ग्रॅम लागतो. ४ गुणिले १.०८, म्हणजे ४ रुपये ३२ पैसे. बाद झालेल्या नगाचंही तसंच आहे. त्यात धातू बुडत नाही, मेहनत आणि वीज बुडते. (फ्लायव्हीलसारख्या भरीव कामाला यील्ड ६० पेक्षा बरं मिळतं, पण त्यावरून वाद घालू नका. वरच्या हिशेबात त्यानं फारसा फरक पडत नाही.)

१.६७ हा आकडा मात्र विजेच्या हिशेबात खरोखर लागतो, कारण रिटर्न माल फुकटचा असला तरी तो पुन्हा वितळवायला वीज जळतेच. इंडक्शन भट्टीला एक टन धातू वितळवायला ६०० ते ७०० युनिट लागतात. १.६७ नं गुणलं तर एक किलो चांगल्या कास्टिंगमागे सव्वा युनिटाच्या आत. हेस्कॉमचा दर युनिटला ५० पैशांनी वाढला असेल तर किलोमागे ५०-६० पैसे वाढतात, दोन रुपये नाही. मागच्या ऑर्डरनंतर वीजदर बदलला असेल तर ते पैसे त्यांना द्यायला हवेत. पण ती ओळ वेगळी मागवा, कच्च्या मालाच्या वाढीत मिसळू देऊ नका.

फेरो सिलिकॉन, कार्ब्युरायझर यांचं प्रमाण थोडं असतं. शंभर किलो विकतच्या धातूमागे दीड किलो फेरो सिलिकॉन धरलं आणि ते किलोला २० रुपयांनी महागलं, तरी कास्टिंगवर किलोमागे तीसेक पैसे येतात. हे तीस पैसे मी न कुरकुरता देतो. मिळून ४ रुपये ६२ पैसे, म्हणजे ८६ रुपये ६२ पैसे. वीज वाढली असेल तर ८७ च्या आसपास.

तुमच्या ऑर्डरला याचा अर्थ काय? ३०० नग गुणिले २२ किलो, ६,६०० किलो. ९ रुपयांनी ५९,४०० रुपये जादा जातात, ४ रुपये ६२ पैशांनी ३०,४९२. फरक २८,९०८ रुपयांचा. नगाचा हिशेब केला तर फ्लायव्हील १,८०४ ला पडत होतं, ते ९१ नं २,००२ ला पडेल आणि या हिशेबानं १,९०६ ला.

आता कोटेशन मागवण्याकडे येऊ. सगळ्यात आधी जुनी फाइल काढा. मागचं कोटेशन, पीओ आणि बिल. त्यावर ८२ हा रेट कोणत्या तारखेचा आणि तेव्हा पिग-भंगाराचा भाव काय धरला होता हे लिहिलंय का बघा. बहुतेक लिहिलेलं नसतं. तसं असेल तर मालकांनी फोनवर सांगितलेले ४१ आणि ३५ हे आकडेच तुम्ही पत्रात 'जुना आधार' म्हणून लिहून टाका. ते त्यांचेच आकडे आहेत, नाही म्हणता येणार नाही. तरीही एकदा पडताळा. बेळगावात पिग आयर्न मुख्यतः गोव्याकडून आणि कोप्पळकडून येतं. त्यामुळं उद्यमबागेत किंवा मच्छेत दोन-तीन फाउंड्रीवाल्यांना विचारलंत तर पोच भाव रुपया-अर्ध्या रुपयाच्या फरकानं सारखाच कळतो. भंगाराचं तसं नाही. सीआरसीए बंडलचा भाव वेगळा, साध्या मिश्र भंगाराचा वेगळा. कोणतं भंगार म्हणताय ते लिहून घ्या. मागच्या वेळचा भाव मिश्र भंगाराचा आणि आताचा सीआरसीएचा सांगितला, तर वाढ कागदावर फुगते आणि तुम्हाला कळतही नाही.

मी स्वतः एकदा नेमका हाच ढिलेपणा केला होता. पंपाच्या बॉडीची रिपीट ऑर्डर होती, भाव वाढलेले, आणि मी "मागील रेटप्रमाणे" असं लिहून पीओ पाठवून दिला. फाउंड्रीवाल्यानं काहीच हरकत घेतली नाही, मी खूश. पहिली १२० नगांची गाडी आली, मग सगळं थंड. रोज फोन, रोज नवं कारण. भट्टीचं लायनिंग, मग मोल्डर गावाला गेले. तीन आठवड्यांनी मी जाऊन बसलो तेव्हा कळलं की जुन्या रेटनं त्यांना प्रत्येक नगात तोटा होत होता आणि ते दुसऱ्या पार्टीचं काम आधी लावत होते. शेवटी वाढ द्यावी लागलीच, वर आमची असेंब्ली लाइन बसून राहिली ते वेगळं. त्या दिवसापासून भाव बदललेला असताना 'मागील रेटप्रमाणे' हे शब्द मी लिहिलेले नाहीत.

तुम्ही असं पत्र पाठवा. व्हॉट्सअॅपवर चालेल, पण टाइप करून, व्हॉइस मेसेज नको.

"नमस्कार. आपल्याकडून मागे घेतलेल्या कडबाकुट्टी फ्लायव्हील कास्टिंगच्या रिपीट ऑर्डरसाठी कोटेशन हवं आहे. ड्रॉइंग तेच, ग्रेड एफजी २००, पॅटर्न आपल्याकडे असलेला आमचाच. नग ३००, दोन हप्त्यांत १५०-१५०, तारखा खाली दिल्या आहेत. मागील रेट किलोला ८२ रुपये, तेव्हाचा आधार आपण सांगितल्याप्रमाणे पिग आयर्न ४१, सीआरसीए भंगार ३५. आजचा आधार आपण सांगितल्याप्रमाणे ४७ आणि ३८. कोटेशनमध्ये रेट तीन भागांत वेगळा द्यावा: विकतच्या धातूचा खर्च (चार्जमधलं पिग-भंगाराचं प्रमाण आणि मेल्टिंग लॉस लिहून), कन्व्हर्जन खर्च, आणि इतर. कन्व्हर्जनमध्ये मागच्यापेक्षा वाढ असल्यास कारण व रक्कम स्वतंत्र लिहावी. रेट किती दिवस लागू राहील आणि तो ऑर्डरच्या तारखेचा की माल निघण्याच्या तारखेचा, तेही लिहावं. बिल ड्रॉइंगच्या वजनावर, २२ किलो अधिक तीन टक्क्यांपर्यंत प्रत्यक्ष वजनानं. त्यापुढचं वजन धरलं जाणार नाही. भाडं, टॅक्स आणि पेमेंटची मुदत वेगळी दाखवावी."

पत्रातल्या काही गोष्टी मुद्दाम टाकल्यात. 'मेल्टिंग लॉस लिहून' एवढे तीन शब्द घातले की १.६७ चा गुणाकार आपोआप बाहेर पडतो. लॉसच्या रकान्यात कुणी ६७ टक्के लिहीत नाही. पाच-आठ टक्के लिहितात आणि मग हिशेब तुमच्या बाजूला येतो. सगळ्याच फाउंड्र्या तीन भागांत रेट देतील असं नाही. लहान फाउंड्रीवाला म्हणेल, "आमचं असलं काय नसतंय ओ, एकच रेट." चालेल. मग तुम्हीच वरचा हिशेब त्याच्यासमोर वहीत करून दाखवा आणि त्याला खोडायला सांगा. माझ्या अनुभवात अर्ध्या तासात रेट ठरतो, कारण त्यालाही आपला आकडा कुठं फुगलाय हे दिसतं.

वजनाची अट मला रेटइतकीच महत्त्वाची वाटते आणि बहुतेक लोक ती विसरतात. किलोवर रेट असला की जड कास्टिंग फाउंड्रीला परवडतं. मुद्दाम कुणी करतो असं नाही. पॅटर्न झिजतो, मोल्ड नीट ठोकला नाही की भिंत फुगते, आणि २२ किलोचा नग २२ किलो ८०० ग्रॅम भरतो. ८२ रुपयांनी त्या ८०० ग्रॅमचे ६५ रुपये ६० पैसे प्रत्येक नगाला गेले आणि वर ते मशीनवर कापून काढायची मजुरी तुमची. रेटमध्ये चार रुपये वाचवले आणि वजनात गेले तर काय उपयोग? आजच तुमच्याकडे पडलेल्या जुन्या लॉटमधले दहा नग काट्यावर ठेवा, खडूनं वजन लिहा आणि सरासरी काढा. ती २२.६ च्या वर असेल तर कोटेशनआधीच पॅटर्न दुरुस्तीचं बोला. शक्य असेल तर रेट किलोवर न घेता नगावर घ्या. ३०० नगांच्या ऑर्डरला नगाचा रेट सगळ्यात साफ.

रेट कमी करून घेतल्यावर एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून बघायची असते, ती म्हणजे चार्ज बदललाय का. पिग आयर्न महाग झालं की फाउंड्री पिग कमी करून भंगार आणि कार्ब्युरायझर वाढवते. नीट केलं तर यात वाईट काही नाही, चांगल्या फाउंड्र्या रोज करतात. पण इनॉक्युलेशन कमी पडलं तर पातळ भागात बीड कडक होतं, पांढरं पडतं. फ्लायव्हीलमध्ये आरे आणि कडेचा पातळ भाग आधी सांगतो. ड्रिल किंचाळतं, टूलची धार दोन-चार नगांत जाते, तोडून बघितलं तर करड्याऐवजी पांढरी चकाकी दिसते. म्हणून पहिल्या हप्त्यातले पाच नग आल्या आल्या मशीनवर घ्या, सगळा लॉट उतरून घेण्याआधी. आणि म्हणूनच मी तुम्हाला ८६ च्या खाली ताणू नका म्हणतो. रास्त वाढ दिली नाही तर ती कुठून तरी निघते आणि बहुधा याच जागेतून निघते. फ्लायव्हील फिरणारा भाग आहे, त्याच्यासमोर शेतकरी उभा असतो.

रेटची मुदत: भाव चढते असताना फाउंड्रीवाला सात दिवस म्हणेल. तुम्ही पहिल्या हप्त्यापुरता रेट पक्का मागा आणि दुसऱ्या हप्त्याला साधं सूत्र ठेवा: विकतच्या धातूची सरासरी ४१ वरून रुपयापेक्षा जास्त हलली तर फरक गुणिले १.०८ एवढाच रेट हलेल, वर आणि खालीही. 'खालीही' हा शब्द लिहून घ्या. मोठ्या वाहन कंपन्या दर तिमाहीला असाच फरक देतात-घेतात, त्यामुळं बेळगावच्या फाउंड्रीवाल्यांना ही भाषा नवी नाही. फक्त लहान गिऱ्हाईक ती बोलत नाही म्हणून तिथं चालत नाही. फाउंड्रीकडं आठ-पंधरा दिवसांचा जुन्या भावाचा माल असतो, तेव्हा पहिल्या दीडशे नगांना थोडी सूट मागून बघायला हरकत नाही. मिळाली तर ठीक, अडून बसू नका.

हा सगळा हिशेब इंडक्शन भट्टीचा आहे. तुमची फाउंड्री कपोलावर काम करत असेल तर कोळसा, म्हणजे कोक, हा तिसरा मोठा भाव होतो, धातूचा लॉसही जास्त असतो, आणि विजेची ओळ जवळजवळ संपते. तेव्हा पत्रात मेल्टिंग लॉसच्या जोडीला 'एक टन धातूला कोक किती' हेही विचारा आणि कोकचा जुना-नवा भाव मागवा. फोनवर मालक फक्त पिग आणि भंगारच बोलले, त्यावरून इंडक्शन असावी असं धरलंय, पण विचारून घ्या.

दुसरं कोटेशन जरूर मागवा. निपाणीहून तुम्हाला कोल्हापूरची शिरोली बेळगावइतकीच सोयीची आहे. पण तुलना करताना टॅक्सचा आकडा बाजूला ठेवा. महाराष्ट्रातून माल आला की बिलावर आयजीएसटी दिसेल, बेळगावातून आला की सीजीएसटी-एसजीएसटी, आणि तुम्ही नोंदणीकृत असाल तर दोन्हींचं क्रेडिट मिळतं. भाडं मात्र धरा, आणि पॅटर्न तिकडं न्यायचा, ट्रायलचे नग पाडायचे, त्यात जाणारे पंधरा-वीस दिवसही धरा. दसऱ्याआधी माल हवा असेल तर या ऑर्डरला फाउंड्री बदलू नका. शिरोलीचं कोटेशन बाजार समजायला वापरा. ते दाखवून धमकावू नका, कारण पॅटर्न त्यांच्या शेडमध्ये पडलाय हे त्यांना माहीत आहे. आणि हो, पॅटर्न तुमचा आहे हे कुठल्याच कागदावर लिहिलेलं नसेल, तर वरच्या पत्रातलं ते एक वाक्य यावेळी नक्की राहू द्या.

मी तुमच्या जागी असतो तर पत्र आज पाठवलं असतं, परवा स्वतः उद्यमबागेत गेलो असतो, वहीत हिशेब मांडून ८७ वर बोलणं सुरू केलं असतं आणि माल पोचल्यावर पंधरा दिवसांत पैसे द्यायची तयारी दाखवली असती. पेमेंट लवकर मिळतंय म्हटल्यावर ते ८६.५० ला तयार व्हायला हरकत नसावी. कोटेशन आलं की त्यातला धातूचा आकडा इथं टाका, मी बघून सांगतो.